लोणच्याच्या बरण्या, खोके आणि कुरिअर : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

मंगळवार, ३ जून

मे महिन्याचा हिशेब आज लावला. १३८ पार्सलं गेली, १९ तक्रारी आल्या. वहीत प्रत्येकीपुढे मी एकच शब्द लिहिलाय, "फुटली". रविवारी चिडून ठरवलं होतं की हा कुरिअरवाला बदलायचाच. आज व्हॉट्सॲपवरचे गिऱ्हाइकांचे फोटो एकेक करून मोठे करून बघितले आणि गप्प बसले. १९ पैकी १२ फोटोंत बरणी अख्खी आहे. खोका तेलाने माखलाय, लेबल सुटलंय, पण काचेला टवकाही नाही. खरोखर फुटलेल्या ५. उरलेल्या दोघांची तक्रार नुसती उशिराची.

म्हणजे बारा वेळा मी कुरिअरवर चिडले आणि तेल आमच्याच झाकणातून गेलं होतं.

वहीत आता तीन रकाने पाडलेत : गळती, फूट, उशीर. तक्रार आली की आधी तीन फोटो मागायचे. खोका बाहेरून, खोका उघडल्यावर आतून, आणि बरणी झाकणासकट. बाहेरचा कोपरा चेपलाय आणि बरणीही फुटलीय, तर मार बाहेरून लागलाय. खोका बाहेरून धड आणि आत काच फुटलेली, तर बरण्या आतल्या आत एकमेकींवर आपटल्यात, म्हणजे पॅकिंग चुकलंय. काच धड आणि खोका तेलकट, तर झाकण. पाच फुटलेल्यांपैकी चार दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या. तडा बरणीच्या पोटावर, एका ठिपक्यापासून चांदणीसारखा पसरलेला, आणि शेजारच्या बरणीचा फुगवटा बरोबर तिथेच टेकणारा.

गुरुवार, ५ जून

आज फक्त आईंचं भरणं बघत बसले, हात लावला नाही. (आई म्हणजे सासूबाई. लोणचं त्यांचं, बाकी उस्तवार माझी.) डावाने लोणचं बरणीत, मग वरून तेल, मग फडक्याने तोंड पुसून झाकण. फडकं तेच, सकाळपासूनचं. वीस बरण्या झाल्या तोवर ते इतकं तेलकट झालं होतं की पुसतंय की माखतंय कळेना.

एक बरणी उचलून तोंड उजेडात तिरकं धरलं. काठावर मोहरीची डाळ. एकच कण, बाजरीच्या दाण्याहूनही बारीक. झाकण काढून आतून पाहिलं. झाकणाच्या आत जी मऊ रबरासारखी कड असते, तिच्यात त्या कणाने खड्डा पाडला होता, आणि खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना तेलाची रेघ बाहेरपर्यंत आलेली. डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं वाटलं नसतं. बरणी उभी आहे तोवर काही होत नाही. आडवी झाली की रात्रभरात चमचाभर तेल बाहेर.

आईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, घरात बरणी आडवी कोण करतं?" बरोबरच आहे. गाडीत मात्र ती आडवीच असते.

शनिवार, ७ जून

गळती घरी कशी पकडायची याचा उपाय सापडला. बंद बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात पूर्ण बुडवायची आणि हळूहळू गरम पाणी घालत साधारण ६० अंशांपर्यंत न्यायचं. एकदम उकळतं ओतायचं नाही, काच तडकते. आतली हवा तापून फुगते आणि झाकणात फट असेल तर बुडबुडे येतात. मे महिन्याच्या पद्धतीने भरलेल्या दहा बरण्या बुडवल्या, चारमधून बुडबुडे आले. एकीतून तर तेलाचे गोल थेंब सरळ वर तरंगत आले.

हीच चाचणी का, ते जरा लिहून ठेवते, नंतर विसरायला होतं. उन्हात उभ्या टेम्पोत खोका चांगलाच तापतो, हे एक. दुसरं मला वहीत दिसलं : बारा गळत्यांपैकी नऊ बेंगळुरू, दिल्ली आणि कोलकात्याच्या, म्हणजे विमानाने गेलेल्या. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. विमान वर गेलं की आतला दाब २४०० मीटर उंचीवर असतो तितका खाली येऊ शकतो. बरणीत मात्र आपली नाशिकची हवा कोंडलेली. चिप्सचं पाकीट विमानात टम्म फुगतं, तसंच इथेही. बरणीला फुगता येत नाही, म्हणून ती हवा झाकणाला बाहेर ढकलते, आणि बरणी आडवी असेल तर झाकणापाशी हवेऐवजी तेल असतं. मुंबईला जाताना कसारा घाट उतरला की उलटं होतं, बाहेरचा दाब वाढून झाकण दाबलंच जातं. मुंबईच्या गळत्या शून्य आहेत, ते यामुळेच असावं.

तेव्हा कुरिअर बदलून काही झालं नसतं. दुसऱ्यानेही बेंगळुरूला विमानानेच पाठवलं असतं.

गुरुवार, १२ जून

भरायची पद्धत बदलली. यावरून घरात दोन दिवस थोडी धुसफूस झाली, तीही लिहिते.

मी म्हटलं, बरणी वर दीड सेंटिमीटर रिकामी ठेवायची. तेल तापलं की वाढतं. अर्धा लिटर तेल ३० अंशांनी तापलं तर साधारण १० मिली. त्याला जागा नसेल तर ते झाकणातूनच वाट काढणार. आई म्हणाल्या, फोडी तेलाच्या वर आल्या तर बुरशी येईल, आणि अर्धवट भरलेली बरणी देणं बरं दिसत नाही. दोन्ही मुद्दे खरे. मग वजनकाटा काढला. लेबलवर ५०० ग्रॅम छापलंय. आईंच्या हातची शिगोशिग बरणी भरली ५४० ग्रॅम, दुसरी ५५०. आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला चाळीस-पन्नास ग्रॅम लोणचं फुकट देत होतो आणि वर तेच सांडून पैसे परत करत होतो! बरोबर ५०० ग्रॅम भरलं की दीड सेंटिमीटर आपोआप मोकळं राहतं. फोडी खाली दाबून बसवल्या की तेल वर येतं. वजनाच्या काट्यापुढे आईंनीही हरकत घेतली नाही, फक्त "माझा हात सढळ आहे, त्याला मी काय करू" म्हणाल्या.

आता असं चालतं. रुंद तोंडाचं नरसाळं बरणीवर ठेवायचं, म्हणजे काठाला लोणचं लागतच नाही. नरसाळं काढल्यावर काठ कोरड्या टिश्यूने पुसायचा, एका बरणीला एक टिश्यू, पुसला की फेकला. फडकं बंद. झाकण नवंच, जुनं धुऊन पुन्हा वापरायचं नाही, कारण त्याची मऊ कड आधीच दबलेली असते. झाकण आवळून बरणी एक रात्र वर्तमानपत्रावर उलटी ठेवायची. सकाळी डाग दिसला तर ती बरणी परत उघडायची. डाग नसला तरी झाकण पुन्हा एकदा आवळायचं. रात्रीत ती कड थोडी बसते आणि सकाळी झाकण जरासं फिरतंच. मग झाकण आणि काचेच्या सांध्यावरून टेपचा एक वेढा, गाडीच्या धक्क्यांनी झाकण सैल होऊ नये म्हणून. शेवटी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंडाला गाठ.

पिशवीने गळती थांबत नाही, तेल फक्त खोक्यापर्यंत पोचत नाही. पिशवीवर विसंबून झाकणाकडे दुर्लक्ष करायचं नाही, हे स्वतःसाठी लिहितेय.

गरम पाण्याच्या पातेल्यात नव्या पद्धतीच्या २० बरण्या बुडवल्या. एकीतून बुडबुडे. तिच्या झाकणाची कडच एका जागी पातळ होती, माल खराब. ठोक झाकणांत असा एखादा निघणारच, म्हणून रात्रभर उलटं ठेवणं कायम.

शुक्रवार, २० जून

आता फूट. पिंपळगावला मावसभावाकडे गेले होते, त्याचं द्राक्षाच्या पॅकहाऊसचं काम आहे. हंगाम संपलेला, शेडमध्ये नुसत्या खोक्यांच्या थप्प्या. त्याने माझा खोका हातात घेऊन दाबला आणि विचारलं, "ताई, हा तीन प्लायचा. यात तू काच पाठवतेस?"

त्याच्याकडून शिकले ते असं. प्लाय म्हणजे पुठ्ठ्याचे थर. खोक्याचा भार त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांवर असतो, मधली बाजू नुसती पडद्यासारखी. एकदा कोपरा मोडला की खोका गेला, वर कितीही टेप लावा. पुठ्ठा दमट झाला की त्याचं बळ झपाट्याने उतरतं. शीतगृहात द्राक्षाच्या खोक्यांच्या थप्प्या खचतात ते यामुळेच. मी वर्तमानपत्रांचे बोळे कोंबते, त्यावर तो हसला. बोळा पहिल्या धक्क्याला दबतो आणि परत फुगत नाही. दुसऱ्या धक्क्याला तिथे पोकळी असते. माझी पार्सलं नक्की कितव्या धक्क्याला फुटतात ते मला कुठे माहीत?

घरी येऊन आपटण्याची चाचणी केली. पॅकिंगची जगभर एक प्रमाण पद्धत आहे, इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशनची. साधारण साडेनऊ किलोच्या आतलं पार्सल ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकायचं : एकदा एका कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर एकेकदा, आणि मग सहाही बाजूंवर. आमचं जेवणाचं टेबल पंचाहत्तर सेंटिमीटरचं निघालं, एक पुस्तक ठेवून काम भागलं. बरण्यांत हळदीचं मीठपाणी वजन जुळवून भरलं, फुटली की पिवळं दिसतं आणि लोणचं वाया जात नाही. आपटायला मुलगा, मोजायला मी.

जुना खोका, दोन बरण्या, प्रत्येकीला बबलचा एक वेढा, मध्ये बोळे : चौथ्या पडण्याला पिवळं. मधे उभा पुठ्ठा घालून दोन खण केले आणि बबल तोच : सातव्याला. पाच प्लायचा खोका, खण, प्रत्येक बरणीला बबलचे तीन वेढे, तळाला आणि वर तीन-तीन सेंटिमीटरची गादी : दहाही पडणी झाली, काही नाही. खात्रीसाठी आणखी दोन जोड्या टाकल्या, त्याही वाचल्या. खोक्याचा एक कोपरा मात्र बसला होता. तो बसणारच, मार त्यानेच खाल्ला.

बबलचा फुगा आतल्या बाजूला, बरणीकडे ठेवायचा. आणि बंद खोका कानाशी धरून हलवायचा. काहीही सरकल्याचा आवाज आला तर उघडा परत.

शुक्रवार, २७ जून

अंबडला खोकेवाल्याकडे. मी कागदावर माप घेऊन गेले होते. बरणी साडेआठ सेंटिमीटर रुंद, तेरा उंच, चारी बाजूंनी गादी. काढलं २७ × १५.५ × १९.५. काकांनी कागद बघून एवढंच विचारलं, "आतलं का बाहेरचं?" मी म्हटलं आतलं, आणि निघाले. त्या प्रश्नामागे काय होतं ते तेव्हा कळलं नाही.

मंगळवार, ८ जुलै

कळलं. पहिल्या पन्नास खोक्यांतून माल गेला आणि कुरिअरच्या खात्यातून वजनातल्या तफावतीचे पैसे कापले गेले. माझं पार्सल काट्यावर १ किलो ८५० ग्रॅम, मी २ किलोचे भरते, त्यांनी लावले अडीच किलोचे.

सगळे कुरिअर दोन वजनं बघतात, खरं आणि आकाराचं, आणि जे जास्त त्याचे पैसे घेतात. आकाराचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. माप बाहेरचं. पाच प्लायची भिंतच सहा-सात मिलिमीटर जाड असते, आणि वर-खाली झडपा एकावर एक येतात. माझा २७ × १५.५ × १९.५ चा खोका बाहेरून २८.५ × १७ × २२ भरला. गुणाकार १०,६५९, भागिले ५०००, म्हणजे २.१३ किलो. दोनच्या वर गेलं की पुढचा टप्पा अडीचचा. एकेका सेंटिमीटरसाठी मी अर्ध्या किलोचं भाडं भरतेय.

खरं तर मेमधला जुना खोका ३० × २५ × २० चा होता, म्हणजे बरोबर ३ किलो. तेव्हाही पैसे कापले जातच होते, मी फक्त तो हिशेब कधी उघडून बघितला नव्हता.

उलट बाजूने मांडणी केली. दोन किलोत बसायचं तर बाहेरचा गुणाकार १०,००० च्या आत हवा. आतलं माप २६ × १५ × १९ केलं तर बाहेरून २७.५ × १६.५ × २१.५ होतं, गुणाकार ९,७५६, म्हणजे १.९५ किलो. गादी सगळीकडे तीन सेंटिमीटर किंवा थोडी जास्तच राहते. काकांना फोन करून नवीन माप दिलं, या वेळी दोन्ही, आतलं आणि बाहेरचं. ते म्हणाले, "तेच तर विचारलं होतं."

जुने पन्नास संपेपर्यंत तीन बरण्यांची मागणी आली की त्यांतच बसवता येतात का ते बघायचं. (नाही बसत. बघितलं.)

बुधवार, १६ जुलै

आता कुरिअर. इतके दिवस मी दरपत्रक आणि लोकांचे अनुभव ऐकून ठरवायची. या वेळी मोजायचं ठरवलं. प्रत्येक पार्सलमध्ये महागडं यंत्र घालणं परवडणार नाही, म्हणून खडू. शाळेचे पांढरे खडू, सहा, कागदाच्या नळीत सैल उभे, खोक्याच्या मधोमध. जितका दणका तितके तुकडे. पाच गावांत नातेवाईक आहेत : पुणे, डोंबिवली, नागपूर, बेंगळुरू, दिल्ली. प्रत्येक ठिकाणी तीन मार्गांनी एकेक खोका : खासगी कुरिअर 'अ' (आजवरचा), खासगी कुरिअर 'ब', आणि स्पीड पोस्ट. आत दोन बरण्या आणि खडू. मिळाला की तुकडे मोजून फोटो पाठवायचे. पंधरा पार्सलं, खर्च होतोय, पण मेमध्ये परत केलेल्या पैशांपेक्षा कमीच.

डोंबिवलीची आत्या विचारते, खडू कशाला पाठवतेस, लोणचं पाठव. तेही आहेच आत.

शनिवार, २६ जुलै

सगळे पोचले. एकही बरणी फुटली नाही की गळली नाही. खडूंनी मात्र गंमत केली.

मला वाटलं होतं एक कुरिअर चांगला आणि एक वाईट असं निघेल. तसं काही झालं नाही. 'अ'चं पुण्याचं पार्सल : सहा खडूंचे सहाच. त्याच 'अ'चं नागपूरचं : सतरा तुकडे. 'ब' बरोबर उलटा, नागपूरला आठ आणि पुण्याला चौदा. मग ट्रॅकिंगच्या नोंदी उघडून बसले आणि पार्सल किती ठिकाणी उतरवून पुन्हा चढवलं ते मोजलं. 'अ'ची पुण्याला रात्रीची थेट गाडी आहे, मधे एकच केंद्र. नागपूरचा माल मात्र तो आधी उलट दिशेला भिवंडीला नेतो, तिथून पुढे, एकूण चार केंद्रं. 'ब'चं पुण्याचं पार्सल भिवंडीमार्गे, नागपूरचं थेट. पंधराही पार्सलं कागदावर मांडली तर तुकडे केंद्रांच्या संख्येबरोबर चढत जातात. दोन अपवाद आहेत, पण एकंदर चित्र स्पष्ट आहे. अंतराने मार लागत नाही, उतरवण्या-चढवण्याने लागतो.

म्हणून आता कुरिअर गावानुसार. पुणे आणि पश्चिम महाराष्ट्र 'अ', विदर्भ 'ब'. दिल्ली, बेंगळुरू आणि लहान गावं स्पीड पोस्ट. तालुक्याच्या पलीकडल्या पिनकोडला खासगीवाले माल पुढे दुसऱ्याच्या हाती सोपवतात, पोस्टाचा पोस्टमन थेट दारात जातो. फक्त पोस्टाला घरून पिकअप नाही घेतलेला, मी सकाळी जीपीओत जाऊन देते. आठवड्यातून तीन दिवस, त्या भागातली बाकीची कामंही होतात.

एक जोडचाचणीही केली होती, ती इथेच लिहिते. 'अ'च्या डोंबिवलीच्या मार्गावर दोन सारखे खोके, एकावर लाल "काच आहे, सांभाळून" स्टिकर, दुसरा कोरा. स्टिकरवाल्यात अकरा तुकडे, कोऱ्यात दहा. दोन खोक्यांवरून काही सिद्ध होत नाही, मान्य. पण "ही बाजू वर"च्या बाणावर विश्वास ठेवून पॅकिंग करायचं नाही, हे पक्कं. पिकअपच्या पोराने सरळ सांगितलं, "ताई, पट्ट्यावर सगळे खोके सारखेच लोळतात."

गुरुवार, ३१ जुलै

पाऊस लागून राहिलाय. आज एक पार्सल परत आलं, पत्ता सापडला नाही म्हणून. बरं झालं, आपलाच खोका आठ दिवस फिरून घरी आला, तपासायला मिळाला. बरण्या ठणठणीत, पण तळाचा पुठ्ठा मऊ पडलेला, अंगठा रुतत होता. वरून कोणी दहा किलोचं पार्सल ठेवलं असतं तर तो बसलाच असता. मावसभावाचं बोलणं आठवलं.

आजपासून खोका अख्खा प्लॅस्टिकच्या कुरिअर पिशवीत. पत्त्याचं लेबल पिशवीवर, शाई पसरू नये म्हणून त्यावर पारदर्शक टेप. खोक्यावर आतही एक पत्ता, पिशवी फाटली तर उपयोगी. आणि खोक्यांचा गठ्ठा गॅलरीतून आतल्या खोलीत आणला. न वापरलेला पुठ्ठाही पावसाळ्यात हवेतली ओल पितो. खोली आता गोदाम दिसतेय आणि मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाखाली पाय ठेवायला जागा नाही.

पिशवीने आकार वाढतो का ते टेपने मोजलं. पिशवीने नाही वाढत. वाढतो तो गादी जास्त कोंबली की. परवा घाईत वरची गादी जाड झाली आणि झडपा सेंटिमीटरभर फुगल्या. साडेएकवीसचे साडेबावीस, गुणाकार १०,२०९, की लागला अडीच किलोचा दर. आता बंद केल्यावर झाकणावर पट्टी आडवी ठेवून बघते. पट्टी डुगडुगली तर गादी कमी करायची. आणि प्रत्येक खोक्याचा टेपमापासकट एक फोटो. 'ब'ने एकदा चुकून तीन किलो लावले होते, फोटो पाठवल्यावर पैसे परत आले. फोटो नसता तर त्यांचंच माप खरं धरलं गेलं असतं.

सोमवार, ११ ऑगस्ट

राखीचा आठवडा गेला. पौर्णिमा ९ तारखेला होती आणि त्याआधी आठ-दहा दिवस सगळीकडेच माल तुंबलेला. गळती शून्य, फूट शून्य, उशिराच्या तक्रारी सहा. चूक माझीच. दुकानाच्या पानावर "३ ते ५ दिवस" लिहिलेलं सणासुदीला बदलायला हवं होतं. आता राखी, गणपती आणि दिवाळीच्या आधी दहा दिवस तिथे "६ ते ९ दिवस" लिहायचं आणि पार्सल निघालं की ट्रॅकिंग क्रमांक त्याच दिवशी पाठवायचा. सहापैकी चार बायकांचं म्हणणं एवढंच होतं की कुठे आहे ते कळलं नाही. लोणचं दोन दिवस उशिरा आलं म्हणून कोणाचं अडत नाही, पण न कळवल्याचा राग येतो.

नुकसानभरपाईचंही लिहून ठेवते. 'अ'च्या अटी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचल्या. काच आणि पातळ पदार्थ पाठवणाऱ्याच्या जोखमीवर, आणि तक्रार पोचल्यापासून ४८ तासांत. म्हणजे मेमधल्या त्या खरोखर फुटलेल्या पाचांचेही पैसे मला मिळालेच नसते. जादा विमा घेऊन बघितला असता, पण त्यातही काच वगळलीय. तेव्हा ज्या पैशांत विमा आला असता त्यात पाचवा प्लाय येतो, तोच घ्यायचा.

सोमवार, १ सप्टेंबर

ऑगस्टचा हिशेब. १५२ पार्सलं. गळती १, फूट १, उशीर ९ (सहा राखीचे). खर्च पार्सलमागे खोका, बबल आणि पिशवी मिळून १९ रुपयांनी वाढला, भाडं मात्र तीन किलोवरून दोनवर आलं, त्यामुळे एकंदर खर्च मेपेक्षा कमीच आहे.

गळती लसणाच्या लोणच्याची. गिऱ्हाइकाने फोटो पाठवला, तेल पिशवीच्या आतच राहिलेलं, खोका कोरडा. झाकण मागवून घेतलं, कड पातळ निघाली. ती बरणी रात्री उलटी ठेवायची राहिली होती, मागणी संध्याकाळी आली आणि आम्ही तशीच दिली.

फुटलेलीचा मात्र उलगडा होत नाही. अकोला, 'ब', थेट मार्ग. खोका बाहेरून धड, कोपरे धड, खण जागेवर, तरी एका बरणीचा तळ गोल चकतीसारखा सुटलेला. चांदणी नाही, कुठे ठिपका नाही. मावसभावाला फोटो पाठवला. तो म्हणतो काचेतच दोष असेल, भरण्याआधी बरणी बोटाने टिचकी मारून ऐक, तडा असेल तर आवाज बद येतो. आज आलेल्या ४८ बरण्यांना आईंनी आणि मी टिचक्या मारल्या. दोन बद वाजल्या, बाजूला काढल्या. त्यांतली एक आईंनी मिठाला घेतली.

आजपासून पोस्टात रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली, खिडकी एकच. सकाळच्या रांगेचं काय होतं ते बुधवारी कळेल. खोकेवाल्या काकांना ३०० ची ऑर्डर दिली, आतलं २६ × १५ × १९, बाहेरचं २७.५ × १६.५ × २१.५, दोन्ही मापं लिहून. चकलीसाठी वेगळा खोका लागणार आहे. तिचं वजन कमी आणि आकार मोठा, त्यामुळे तिचं गणित पुन्हा पहिल्यापासून. आईंनी भाजणी दळायला टाकलीय.